तुम्ही विचारलंत म्हणून: यादीतलं लोणी आणि वरचं लोणी

‘फ्रेंचमधल्या द्यु, द ला यांचं मराठीत काय करता हो? आपल्याकडे तर आर्टिकलच नाही.’

न मोजलेल्या वस्तूच्या नावाआधी ‘थोडंसं’ अशा अर्थाने येणारी ही आर्टिकलं. अनुवादात मी त्यांचं बहुतेक वेळा काहीच करत नाही. ‘सकाळी ब्रेड-लोणी खातो’ म्हणताना फ्रेंच माणूस ब्रेडलाही द्यु लावतो आणि लोण्यालाही. मराठीत नुसतं नाम पुरतं. तिथे ‘थोडा ब्रेड, थोडं लोणी’ लिहिलं तर आजाऱ्याचं पथ्य वाटेल!

पाककृतीत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. क्रेपचंच, म्हणजे फ्रेंच धिरड्याचंच घ्या. साहित्य असं: मैदा २५० ग्रॅम, अंडी ४, दूध अर्धा लिटर, लोणी ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ. कृतीत लोणी दोनदा येतं. आधी ‘ल ब्यर’ वितळवून मिश्रणात घालायचं, नंतर तव्याला ‘द्यु ब्यर’ लावायचं. ‘ल’ म्हणजे मोजून ठेवलेलं, सगळंच्या सगळं. ‘द्यु’ म्हणजे यादीबाहेरचं, अंदाजाने. आमच्या इंदुरात पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरतात, त्याच हिशेबाचं. दोन्हीकडे मी नुसतं ‘लोणी’ लिहिलं, तर वाचणाऱ्या काकू त्या ५० ग्रॅममधलंच तव्यासाठी राखून ठेवणार आणि मिश्रणात लोणी कमी पडणार. म्हणून पहिल्या ठिकाणी ‘वितळलेलं सगळं लोणी घाला’, दुसऱ्या ठिकाणी ‘तव्यावर लोण्याचा हात फिरवा’.

दुधाशी खरी गंमत आहे. ‘ला मुआतिए द्यु ले’ यातही द्यु दिसतं, पण ते अंदाजाचं नव्हे. ‘-चा, -तला’ अशा अर्थाचा ‘द’ आणि आर्टिकल ‘ल’ यांचा नुसता संधी आहे तो. मोजलेल्या दुधातलं अर्धं, असा अर्थ. इथे आपला ‘-तलं’ चपखल बसतो: ‘त्यातलं अर्धं दूध घाला’, पुढे ‘उरलेलं दूध’. मिश्रण घट्ट वाटलं तर ‘द्यु ले’ घाला, असं शेवटी येतं. ते झालं ‘लागेल तसं वरून दूध’. शंका आली की मी वाक्य नकारार्थी करून बघते. अंदाजाचं द्यु किंवा द ला नकारात आखडून ‘द’ होतं: ‘पा द ब्यर’, म्हणजे लोणी नाही. संधीतलं द्यु जागचं हलत नाही. ‘रतिरे द्यु फ्य’ हे त्यातलंच, म्हणजे साधं ‘गॅसवरून उतरवा’.

यादीतच ‘द्यु सेल’ असलं तर काम सोपं, ‘मीठ चवीपुरतं’. तळायच्या तेलालाही ‘तळण्यापुरतं’ चालतं. अडचण होते ती लेखकच गाफील असला की. यादीत मिठाचा पत्ता नाही आणि कृतीत बिनदिक्कत ‘ल सेल’! अशा वेळी मी यादीत ‘मीठ चवीपुरतं’ ही ओळ घालते आणि संपादकांना तसं कळवते.