आमची वाटचाल: स्टॉक मायनसमध्ये गेला तेव्हा

सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र. काम एकच, छोट्या डिस्ट्रिब्युटर लोकांना स्टॉक आणि ऑर्डरचं सॉफ्टवेअर बनवून द्यायचं. पहिली तीन वर्षं दिवसा क्लायंटकडे आणि रात्री कोड लिहिण्यात गेली, त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. चौथ्या वर्षी आम्ही सहा जण झालो आणि त्याच वर्षी एका चिन्हामुळे आमचा सगळ्यात जुना क्लायंट जवळजवळ हातातून गेला, ते मात्र नीट सांगतो.

सकाळी फोन आला, "अहो, गोडाउनमध्ये माल रचून ठेवलाय आणि तुमच्या स्क्रीनवर मायनस दोन दाखवतंय." आता मायनस स्टॉक आमच्या सिस्टममध्ये चालायचा, कारण माल थोडा कमी पडला तरी ऑर्डर घ्यायची आणि उरलेला नंतर पाठवायचा अशी त्यांचीच मागणी होती. त्यामुळे सुरुवातीला आम्हाला वाटलं आवक भरायची राहिली असेल. मग एक्सेलमधून झालेल्या इम्पोर्टवर संशय घेतला, मग दोन ऑर्डर एकाच वेळी सेव्ह होत असतील म्हणून डेटाबेस तपासला. दीड दिवस यातच गेला.

सापडलं ते कागदावर. आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी होती, तिने एकच आयटम घेतला आणि ऑर्डरी आणि स्टॉक शेजारी शेजारी लिहून काढले. स्टॉक होता ४०. दोन नगांची ऑर्डर आली, स्टॉक झाला -२. मग पाच नगांची आली, झाला -५. मग एकाची, झाला -१. ती म्हणाली, "सर, हे साठत नाहीये. -२ नंतर -७ यायला हवं होतं, दर वेळी शून्यातूनच वजा होतंय." बस, तिथे दिशा मिळाली, म्हणजे वजाबाकी बरोबर होती आणि तिच्या आधी कोणीतरी स्टॉक शून्य करत होतं. पण शून्य करणारी ओळच दिसेना, आणि ती आमच्या डोळ्यासमोर होती:

```
if (item.stock = 0) {
  return "OUT_OF_STOCK";
}
item.stock = item.stock - qty;
save(item);
```

ही पहिली ओळ आम्ही तिघांनी मिळून निदान दहा वेळा वाचली असेल आणि दर वेळी "स्टॉक शून्य असेल तर" असंच वाचलं. शाळेपासून = म्हणजे बरोबर, आणि if म्हणजे प्रश्न, प्रश्न विचारल्याने काही बदलत नाही असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. शेवटी if च्या आधी आणि नंतर स्टॉक प्रिंट केला. आधी ४०, नंतर ०.

झालं काय तर जावास्क्रिप्टमध्ये (आणि सी, सी++, पीएचपी मध्येसुद्धा) एकटं = हे तपासत नाही, उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेवतं, आणि त्या ठेवण्याच्या क्रियेलाच एक किंमत असते, जी ठेवली तीच. म्हणजे कंसात आधी स्टॉकमध्ये शून्य ठेवलं गेलं, मग if ने त्या शून्याकडे बघितलं, शून्य म्हणजे खोटं, म्हणून आतला भाग चाललाच नाही. दोन नुकसानं एकदम झाली: खरा आकडा पुसला गेला, आणि माल खरंच संपलेला असला तरी "संपला" असं कधीच कोणाला दिसलं नाही. तिथे 0 च्या जागी 5 असता तर उलट झालं असतं, प्रोग्राम दर वेळी आत शिरला असता आणि बग पहिल्याच ऑर्डरला पकडला गेला असता. शून्यवाला बग जास्त वाईट, कारण तो वरून गप्प असतो.

आमच्या टेस्टनेही काही सांगितलं नाही, कारण टेस्ट एवढीच होती की ४० नग असताना ऑर्डर स्वीकारली जाते का, आणि ती स्वीकारली जात होती! नंतर किती उरले ते बघितलंच नव्हतं, आणि स्टॉक शून्य असलेला आयटम टेस्टमध्ये घेतलाच नव्हता. आता दोन्ही आहेत.

दुरुस्ती करताना आम्ही "शून्य आहे का" असं विचारणारं === 0 पण नाही लिहिलं, <= 0 लिहिलं, कारण मायनस चालत असेल तर -३ ला सुद्धा अडवायला हवं. कोड दोन मिनिटांत झाला, डेटाला चार दिवस लागले. ऑर्डरी वेगळ्या टेबलात होत्या म्हणून वाचलो, ओपनिंग स्टॉक अधिक आवक वजा जावक असं करून ३१२ आयटम परत काढले, आणि माल नसताना घेतलेल्या ऑर्डरींसाठी दुकानदारांना मी स्वतः फोन केले.

त्यानंतर आमची काम करायची पद्धत बदलली. जावास्क्रिप्टला ESLint हे कोड न चालवताच चुका दाखवणारं टूल लावलं, त्यात no-cond-assign नावाचा नियम आहे. पण तो मुळात जादा कंस घातलेले असाइनमेंट सोडून देतो, म्हणून आम्ही तो always वर ठेवला. लेबल प्रिंटरसाठी थोडा सी कोड आहे, तिथे gcc ला -Wall दिलं की असं वाक्य येतं:

```
suggest parentheses around assignment used as truth value
```

ही वॉर्निंग चांगली आहे पण घाईत लोक काय करतात, ती सांगते तसे कंस घालतात, वॉर्निंग जाते आणि बग तिथेच राहतो. नवीन माणूस आला की मी त्याला २००३ मधलं लिनक्स कर्नलचं उदाहरण दाखवतो, तिथे कोणीतरी कोडच्या CVS कॉपीमध्ये हे घुसवलं होतं:

```
if ((options == (__WCLONE|__WALL)) && (current->uid = 0))
        retval = -EINVAL;
```

बघताना रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर आहे का असं तपासल्यासारखं वाटतं, पण uid मध्ये 0 ठेवला जातो, म्हणजे हे विशिष्ट ऑप्शन देणारा प्रोग्राम थेट रूट होतो, आणि शून्य खोटं असल्यामुळे एररही येत नाही. जादा कंसामुळे कंपायलरही गप्प. त्या बदलाला मूळ रिपॉझिटरीत कुठेच नोंद नव्हती म्हणून तो पकडला गेला.

0 === item.stock असं उलटं लिहायचंही करून बघितलं. चुकून एकटं = लिहिलं गेलं तर प्रोग्राम लगेच एरर देतो हे खरं, पण दोन्हीकडे व्हेरिएबल असतील तर काही उपयोग नाही आणि वाचायला अवघड, म्हणून सोडलं. जावामध्ये आकड्यांच्या बाबतीत कंपायलर अडवतो, पण if (paid = true) बिनधास्त जातं, त्यामुळे तिथे नुसतं if (paid) लिहायचं असं ठरलंय. आणि रिव्ह्यू करताना = दिसलं की "ठेव" आणि == किंवा === दिसलं की "आहे का" असं तोंडाने वाचायचं, ही सवय त्याच मुलीने लावली, ती आता आमची टीम लीड आहे.

तो क्लायंट अजून आमच्याकडे आहे. दोन जुन्या प्रोजेक्टना मात्र लिंट उशिरा लावलं, त्यात या नियमाच्या ४१ तक्रारी निघाल्या, बऱ्याचशा मुद्दाम लिहिलेल्या while लूपच्या, पण खात्री एकेक ओळ उघडूनच होते, सध्या २६ झाल्यात.