मधल्या सुट्टीनंतरचा सातवी ब

साताऱ्याहून नाशिकला शिक्षणसेवक म्हणून आलो तेव्हा सातपूरच्या शाळेत मला सातवी बचं गणित मिळालं. पटावर चोपन्न मुलं, अठरा बाक, एका बाकावर तिघं, वर पत्रे. त्यात माझा तास नेमका मधल्या सुट्टीनंतर. वर्गात पाऊल ठेवण्याआधी आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत यायचा आणि तास संपेपर्यंत माझा घसा बसलेला असायचा. बी.एड.च्या सराव पाठात पंचवीस-तीस मुलं असायची आणि मागे आमचे प्राध्यापक बसलेले असायचे, त्यामुळे वर्ग आपोआप शांत असे.

आमच्या शाळेत नव्या शिक्षकाला एक जुने शिक्षक नेमून देतात. माझ्या वाट्याला विज्ञानाच्या बाई आल्या, निवृत्तीच्या जवळ आलेल्या. मी विचारलं, "बाई, हा वर्ग गप्प कसा करायचा?"

"गप्प कशाला करायचा? कामाला लाव. उद्या मी मागे येऊन बसते. मला काही विचारायचं नाही, माझ्याकडे बघायचंही नाही."

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर, एका मुलाच्या शेजारी जाऊन बसल्या. हातात पाठकोरा कागद. तास झाल्यावर स्टाफरूममध्ये चहा घेताना तो कागद माझ्यापुढे सरकवला. डावीकडे वेळ आणि उजवीकडे 'पोरं काय करतायत', एवढंच. मी काय शिकवलं याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

पहिल्या आठ मिनिटांसमोर लिहिलं होतं: काही नाही.

"काही नाही म्हणजे? मी हजेरी घेत होतो, फळा पुसत होतो."

"तू काहीतरी करत होतास. पोरं काय करत होती? खिचडी खाल्ली की ताटली धुवायला नळावर रांग लागते. पहिली पोरं बेल व्हायच्या आधी वर्गात असतात, शेवटची बेलनंतर पाच-सहा मिनिटांनी येतात. तू सगळी जमायची वाट बघतोस. आधी आलेलीही वाट बघतात. रिकामी बसलेली तेरा वर्षांची पोरं आणखी काय करणार?"

मी म्हणालो, नळावर लवकर आटपा असं सांगून बघितलं होतं. त्या हसल्या. नळ चार आहेत आणि त्यातला एक गळका.

त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. मधली सुट्टी संपायच्या आत फळ्याच्या एका कडेला दोन उदाहरणं लिहून ठेवायची. जो येईल त्याने कच्ची वही काढून लागायचं. मी तोंडाने काही सांगायचं नाही, आणि उभं राहायचं ते टेबलाजवळ नाही, दारात. दारातून व्हरांडाही दिसतो आणि वर्गही, शिवाय आत येणारा प्रत्येक जण आपल्या समोरून जातो.

उदाहरणं कशी निवडायची यावर मात्र आम्ही बराच वेळ बोललो. मी लसावि-मसावि शिकवत होतो. मी सुचवलं, कालच्यातलंच एक शाब्दिक उदाहरण देतो.

"ते नको. अर्ध्यांना येणार नाही. न आलेला शेजाऱ्याला विचारणार, शेजारी मागच्याला. पाच मिनिटांत बाजार भरेल. पहिलं असं दे की वर्गातल्या सगळ्यात कच्च्या पोरालाही विचारावं लागू नये."

मग ठरलं: पहिलं, 18 चे सगळे विभाजक लिहा. दुसरं, 12 आणि 18 चे सामाईक विभाजक लिहा. पहिल्याला पाढे पुरतात. दुसऱ्याचं उत्तर 1, 2, 3, 6 आलं की त्यातला मोठा कोणता, एवढंच विचारलं तरी मसाविचा धडा तिथूनच सुरू होतो. म्हणजे ती मिनिटं शिकवण्यातच धरली गेली.

"आणि तपासायचं," बाई म्हणाल्या. "लाल पेन घेऊन रांगांमधून फिर, नुसती बरोबरची खूण कर. सगळ्यांची रोज जमणार नाही. पण आज आपली वही बघतील का, हे पोरांना आधी कळता कामा नये. कोणी बघत नाही असं लक्षात आलं की आठवड्याभरात लिहिणं बंद पडतं."

कागदावर पुढे उभ्या रेघोट्या होत्या, पाच-पाचच्या गठ्ठ्यांत. मी 'शांत बसा' म्हटलं की त्यांनी एक रेघ ओढली होती. मी मोजल्या नाहीत, पण एक ओळ भरून दुसरीत गेल्या होत्या.

"शांत बसा म्हणजे पोरांनी नक्की करायचं काय? बोलायचं नाही, हे झालं. करायचं काय? 'पेन खाली ठेवा, फळ्याकडे बघा' म्हण. पेन खाली आहे की हातात, हे तुला दिसतं. शांत बसलाय की नाही यावर ते वाद घालतात. 'सर, मी कुठं बोललो?' "

हे तर मी रोज ऐकत होतो.

"आणि सांगितलं की थांब. त्यांच्या आवाजावर आवाज चढवून पुढचं वाक्य बोलू नकोस. तू चढलास की ते चढतात, वर पत्रा आहे."

"पण थांबूनही कोणी गप्प होत नाही, बाई. मी मिनिटभर नुसता उभा होतो."

"होणारच नाही. वर्गातले बरेचसे आधीच हातातल्या कामाला लागलेले असतील तरच थांबण्याचा उपयोग. उरलेल्यांना मग आपणच वेगळे दिसतो आहोत हे जाणवतं. सगळा वर्गच सुटला असेल तर तुझं थांबणं म्हणजे आणखी एक रिकामं मिनिट. तेव्हा तोंडी काही नको, फळ्यावर लिहायचं काम दे."

हा फरक मला कुठल्या नोट्समध्ये मिळाला नव्हता. कूनिन हे नाव बी.एड.ला परीक्षेपुरतं वाचलं होतं. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांची चित्रीकरणं तपासली होती आणि 1970 मध्ये मांडलं होतं की चांगले वर्ग आणि बेशिस्त वर्ग यांच्यातला फरक शिक्षक रागावतो कसा यात सापडत नाही. गडबड होण्याआधी शिक्षक काय करत असतो, यात तो असतो. पेपरात मी त्यावर उत्तरही लिहिलं होतं. बाईंच्या कागदावर तेच मिनिटांच्या हिशोबात समोर आलं.

दुसरी मोठी पोकळी वह्यावाटपाची. मॉनिटर गठ्ठा घेऊन नावं पुकारायचा, ज्याचं नाव येईल तो उठून पुढे यायचा. येता-जाता एकाला टपली, दुसऱ्याचा पाय आडवा. यात सहा मिनिटं गेली होती.

"वह्या गोळा करतानाच वाटपाची सोय करायची," बाई म्हणाल्या. शेवटच्या बाकावरच्यांनी आपल्या वह्या पुढे द्यायच्या, पुढच्यांनी त्यावर आपल्या ठेवायच्या, असं करत पहिल्या बाकापर्यंत. तीन रांगांचे तीन गठ्ठे. तपासताना क्रम मोडायचा नाही. परत देताना गठ्ठा पहिल्या बाकावर ठेवायचा, त्यांच्या वह्या सगळ्यात वर असतात, त्या काढून उरलेला गठ्ठा मागे. कोणालाही उठावं लागत नाही. जागा मात्र ठरलेल्या हव्यात. एक जण दुसऱ्या बाकावर बसला की त्या रांगेचा घोळ होतो. म्हणून मी टेबलाच्या काचेखाली जागांचा नकाशा ठेवला. त्याने गैरहजर कोण हेही रिकामी जागा बघून कळायला लागलं आणि नावं पुकारून हजेरी घेणं सुटलं.

आता तो खिडकीजवळचा मुलगा. कारखान्याच्या भोंग्याचा हुबेहूब आवाज काढायचा. अंबडच्या एका कंपनीत त्याचे वडील पाळीवर जातात, त्यामुळे पहिल्या पाळीचा, दुसऱ्या पाळीचा असे प्रकारही त्याच्याकडे होते. स्टाफरूममधल्या एका सरांचा सल्ला होता, एक ठेवून द्या. बाईंनी त्यांना तिथेच थांबवलं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षाही चालत नाही आणि मानसिक छळही. वर्गाबाहेर उभं करून चारचौघांत अपमान करणंही त्यातच येतं, असं त्यांचं म्हणणं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तू त्याच्या बाकावर बसून फळा बघितलायस का?"

नव्हता बघितला. दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या वर्गात जाऊन बसलो. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट फळ्यावर येत होतं. फळ्याला नुकताच काळा ऑइलपेंट दिलेला. त्या कोपऱ्यातून फळ्याचा डावा अर्धा भाग पांढराफटक चकाकत होता, अक्षर म्हणून दिसत नव्हतं. आणि मी डावीकडून लिहायला सुरुवात करायचो.

"तो पोरगा पूर्ण तास शेजाऱ्याला विचारून लिहीत होता," बाई म्हणाल्या. "शेजारी वैतागला की हा भोंगा वाजवायचा."

खिडकीची एक झडप लावून घेतली, उजवीकडून लिहायला लागलो, आणि त्या कोपऱ्यातल्या चारही बाकांवरची कुजबुज बरीच उतरली. भोंगा पूर्ण बंद झाला असं नाही. तो वाजला की काय करायचं, तेही बाईंनी दाखवलं. समोरून नाव घ्यायचं नाही, कारण मग अख्खा वर्ग मागे वळतो आणि त्याला प्रेक्षक मिळतात. शिकवता शिकवता त्याच्या बाकापाशी जायचं, त्याच्या वहीवर पुढच्या उदाहरणावर बोट ठेवायचं आणि पुढे निघायचं. तिथे उभं राहायचं नाही, म्हणजे त्याला तोंड वर करून उत्तर द्यावं लागत नाही. बोलायचं ते तासानंतर, दोघंच असताना.

पुढे बाईंनी पुन्हा कागद भरला तेव्हा सुरुवातीच्या आठ मिनिटांसमोर 'लिहितायत' होतं, मधेमधे 'दोघं पेन शोधतायत'. शेवटच्या सात-आठ मिनिटांसमोर मात्र अजून 'दप्तर भरतायत' आहे. त्यावर आमचं काम चालू आहे.

एक गोष्ट यातल्या कशानेही सुटत नाही. सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, असं कायद्याच्या परिशिष्टात आहे, आणि माझ्यासमोर चोपन्न असतात. श्रावणात झड लागली की मधली सुट्टी वर्गातच होते, पोरं पळालेली नसतात आणि पत्र्यावरच्या पावसात माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. मी बाईंना विचारलं, तेव्हा काय करता?

"नवीन काही शिकवत नाही. फळ्यावर उदाहरणं लिहिते, जोडीने सोडवायला लावते, थोडं बोलू देते. आणि मी फिरते. त्या दिवशी ओरडून फायदा नाही, आपल्यालाच ऐकू येत नाही."