वादळात पडलेली भिंत, आधीची चीर आणि विम्याचा क्लेम : माझा अनुभव

नाशिकला मखमलाबादच्या पुढे आमचं घर बांधायचं काम चालू होतं, तळमजल्याचा स्लॅब झालेला, वरच्या मजल्याच्या भिंती चढत होत्या. मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला तो आधी नुसता वारा घेऊनच आला, शेजारच्या द्राक्षबागेचं शेडनेट फाटून आमच्या सळ्यांना येऊन अडकलं, आणि वरच्या मजल्याची पूर्वेकडची 28 फुटांची भिंत बाहेरच्या बाजूला पडली. ती पडली खालच्या खिडक्यांवरच्या छज्जावर, छज्जा तुटून पडला जमिनीतल्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाच्या स्लॅबवर, आणि त्या स्लॅबला आरपार तडे गेले. खिडक्यांच्या दोन चौकटी गेल्या, ताडपत्री उडून सिमेंटच्या 35 गोण्या भिजल्या. माणूस कुणी खाली नव्हतं, एवढं बरं.

काम सुरू करताना आम्ही बांधकामाचा विमा घेतला होता, ज्याला सगळे सीएआर पॉलिसी म्हणतात, म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क. त्याच रात्री कंपनीला फोन केला, ईमेल पण टाकला. सकाळी साइटवर गेले तर मुकादम फावडी घेऊन तयार, म्हणे ताई तासाभरात साफ करून टाकतो. मी हात लावू दिला नाही. रस्त्यावर आलेल्या विटा तेवढ्या बाजूला केल्या आणि बाकी ढीग जसाच्या तसा ठेवला, कारण भिंत कुठल्या दिशेला आणि कशी पडली ते त्या ढिगातच दिसत होतं.

दुपारी ठेकेदाराने यादी करून दिली, एकूण 3,84,810 रुपये. वाचताना लक्षात आलं की त्यात मागच्या कॉलमच्या पायथ्याचं काम आहे, तळमजल्याच्या स्लॅबची चीर आहे. मी म्हटलं, अहो ही चीर तर आधीची ना? तो म्हणाला, "ताई, विमा कंपनीच्या सर्व्हेयरला काय कळतंय कधीची आहे, वादळात गेली म्हणायचं, तुमचाच फायदा आहे." खरं सांगते, एक दिवस मलाही ते पटलं होतं. पैसे कुणाला नको असतात, आणि घराचं बजेट आधीच वर गेलेलं होतं.

नवऱ्याच्या ओळखीचे एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत, त्यांना बोलावलं, फी देऊन रीतसर रिपोर्ट मागितला. सर ढिगाकडे आधी गेलेच नाहीत. त्यांनी माझ्या फोनमधले जुने फोटो मागितले, व्हॉट्सॲपवर ठेकेदाराने पाठवलेले सगळे, आणि साइटचं रजिस्टर. मग म्हणाले, वादळाच्या आदल्या दिवशी हे घर कसं होतं ते आधी लिहू, मग वादळाने काय केलं ते आपोआप वेगळं निघेल.

स्लॅबची चीर त्यांनी मला गुडघ्यावर बसवून दाखवली. खिशातल्या चाकूचं टोक चिरेत घातलं आणि आतलं कोरून तळहातावर काढलं, तर करडी वाळलेली सिमेंटची स्लरी आणि विटांची लाल भुकटी, एकमेकांत घट्ट बसलेली. म्हणजे भिंतीचं वीटकाम वर चालू होतं तेव्हा ही चीर उघडी होती आणि गळलेला माल तिच्यात जाऊन बसला. कडाही झिजून गोल झालेल्या. मग टाकीच्या स्लॅबचा तडा दाखवला, त्याच्या कडा धारदार, आतलं काँक्रीट स्वच्छ आणि कोरं, फुटलेल्या खडीचे तुकडे चमकत होते. दोन्ही एकापाठोपाठ बघितल्यावर मला पुन्हा विचारावं लागलं नाही. शिवाय एप्रिलच्या फोटोत स्लॅबवर पाणी मुरवायला केलेली आळी दिसत होती आणि त्यातलं एकच आळं कोरडं, बरोबर त्या चिरेवरचं. पाणी खाली गळून जात होतं आणि आम्ही सगळे तो फोटो बघून छान म्हणत होतो. सरांच्या मते स्लॅब टाकला त्या दिवशी ऊन आणि वारा फार होता, वरचं पाणी झपाट्याने उडालं आणि काँक्रीट ओलं असतानाच आकसलं, त्याची ती चीर.

कॉलमचं प्रकरण आणखी सरळ होतं. पायथ्याला खडी उघडी पडलेली, मध्ये पोकळ्या, ज्याला साइटवर हनीकोंब म्हणतात. ते काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर नीट न फिरवल्याने किंवा फळ्यांच्या फटीतून स्लरी निघून गेल्याने होतं, वाऱ्याने होत नाही. वर त्या पोकळीत कोळ्याचं जाळं आणि धूळ होती.

भिंतीवर सरांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण सर्व्हेयर तिथेच धरणार हे त्यांना माहीत होतं. भिंत पडली ती माल खराब म्हणून की वारा जास्त म्हणून? त्यांनी ढिगातून वीसएक विटा वेगवेगळ्या जागेवरून उचलल्या. मसाला दोन्ही अंगांना घट्ट चिकटलेला होता, काही ठिकाणी तर सांधा धरून राहिला आणि वीटच मोडली. विटा न भिजवता लावल्या असत्या तर सांध्यातून कोऱ्या सुटून आल्या असत्या, मसाला बोटाने भुगा झाला असता. रजिस्टरप्रमाणे 8 फूट उंची तीन दिवसांत चढवलेली, म्हणजे एका दिवसात घाई केलेली नाही. मग वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. 6 इंची भिंत, 8 फूट उंच, वर अजून स्लॅब नाही, बाजूला आडवी भिंत नाही, ती नुसती स्वतःच्या वजनावर उभी. मसाल्याची पकड धरली नाही तर अशी भिंत ताशी 60-65 किलोमीटरच्या वाऱ्यालाच कलंडायला लागते. भारतीय मानकाप्रमाणे नाशिकसाठी डिझाइनचा मूळ वारा 39 मीटर प्रति सेकंद धरतात, म्हणजे ताशी 140 च्या घरात, पण तो पूर्ण झालेल्या, वरून बांधल्या गेलेल्या इमारतीसाठी. अर्धवट बांधकाम त्याच्या कितीतरी आधी पडू शकतं आणि त्यात लबाडी असतेच असं नाही. वारा पश्चिमेचा होता याला पुरावा शेडनेटचा आणि मागच्या शेताच्या पत्र्यांचा, सगळं पूर्वेला जाऊन पडलेलं, आमची भिंतही पूर्वेलाच. हवामान खात्याकडे त्या दिवसाच्या नोंदीसाठी अर्ज केला आणि शेजारच्या बागेच्या पंचनाम्याची प्रत जोडली.

आता छज्जा, सगळा वाद खरं तर इथेच होता. छज्जा भिंतीतून बाहेर लटकतो, त्यामुळे ताण वरच्या अंगाला येतो आणि सळ्या वरच लागतात. सरांनी तुटलेल्या बुंध्याला टेप लावला. 5 इंच जाडीत सळी वरून साधारण 1 इंच खाली हवी होती, ती साडेतीन इंच खाली निघाली. ओतताना कामगार सळ्यांवरून चालले आणि त्या दबल्या, सळ्या उचलून धरायला खाली सळीच्याच वाकवलेल्या खुर्च्या देतात, त्या दिलेल्याच नव्हत्या. उपयोगाची खोली 4 इंचांवरून दीड इंचावर आली, म्हणजे ताकद चाळीस टक्क्यांच्याही खाली. मी विचारलं, पण सर, एवढी भिंत अंगावर पडली तर चांगला छज्जा तरी टिकला असता का? ते म्हणाले, जिथे भिंतीचा जोर पडला तिथे कदाचित नसता टिकला, आणि हे मी रिपोर्टमध्ये लिहिणार. पण दक्षिणेकडच्या सहा फुटांत विटा जेमतेम पडल्या होत्या आणि तिथेही तो बुंध्यातच मोडला होता, तेही लिहिणार. दोन्ही लिहिलं.

मग पॉलिसी उघडून बसलो. त्यात सदोष माल आणि सदोष कारागिरी दुरुस्त करण्याचा खर्च वगळलेला आहे, पण ही वगळणूक फक्त त्या सदोष वस्तूपुरती, तिच्यामुळे अपघात होऊन नीट बांधलेल्या दुसऱ्या वस्तूचं नुकसान झालं तर ते वगळलेलं नाही. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. आमच्या बाबतीत त्याचा अर्थ, छज्जा आमच्या खिशातून किंवा ठेकेदाराच्या, पण छज्जाने फोडलेला टाकीचा स्लॅब आणि चौकटी विम्यात. ठेकेदार सगळं एका ओळीत "पूर्व बाजूचे नुकसान" म्हणून लिहून आला होता, तसंच गेलं असतं तर टाकीचा स्लॅबही छज्जाबरोबर अडकला असता.

रिपोर्टमध्ये सरांनी प्रत्येक वस्तूला आकडा दिला, फोटोत खडूने तोच आकडा लिहिला आणि टेप धरला, आणि प्रत्येकाखाली तीनच गोष्टी लिहिल्या, आधीची स्थिती कशावरून कळली, वादळाने काय झालं, दुरुस्तीचं माप किती. चीर आणि कॉलम पण लिहिले, "आधीचा दोष, क्लेममध्ये नाही" असं स्पष्ट. ठेकेदार चिडला, म्हणाला स्वतःहून कशाला सांगताय. पण सर्व्हेयर आले तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत त्यांची नजर त्या कॉलमवर गेली, आणि आमच्या रिपोर्टमध्ये तो आधीच होता. त्यानंतर बाकीच्या मापांवर त्यांनी फारशी घासाघीस केली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. भिंतीला टेकू का नव्हते हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं, रजिस्टर आणि विटा बघून मान्य केलं. छज्जा त्यांनी क्लेममधून पूर्ण काढला, त्यांचं म्हणणं सळ्या चुकीच्या असल्याने तो तसाही पाडून नवा करावा लागलाच असता. आम्ही वाद घातला नाही. सेंटरिंगच्या प्लेटा वाकल्या होत्या त्याही गेल्या, कारण त्या ठेकेदाराच्या होत्या आणि पॉलिसीत त्यांची किंमत दाखवलेलीच नव्हती, ही चूक पॉलिसी घेतानाची.

शेवटी मान्य झालं ते भिंत, टाकीचा स्लॅब, चौकटी, सिमेंट आणि मलबा उचलण्याचा खर्च (तो आम्ही पॉलिसीत वेगळा घेतला होता), मिळून 1,20,810. त्यातून पुन्हा वापरता येणाऱ्या विटांचे 3,400 वजा, आणि आमच्या पॉलिसीत वादळासारख्या आपत्तीला एक्सेस, म्हणजे नुकसानातला आपणच सोसायचा वाटा, 25,000 होता तो वजा. हातात 92,410 आले. 

चीर, कॉलम आणि छज्जा यांचं पत्र ठेकेदाराला वेगळं दिलं, सरांच्या रिपोर्टची तीच पानं जोडून. कॉलम आणि छज्जा त्याने स्वतःच्या खर्चाने करायचं कबूल केलं, चिरेचा खर्च आम्ही अर्धा अर्धा घेतला. नव्या छज्जाच्या वेळी सळ्यांखाली खुर्च्या बसल्या, आणि काँक्रीट ओतायच्या आधी मी स्वतः वर चढून टेप लावला, वरच्या फळीच्या कडेपासून सळीपर्यंत एक इंच, तारखेसकट फोटो काढला आणि मगच मिक्सर चालू करायला सांगितलं.