चाळीस सुगरणी, तीन ऑर्डरी

“अ‍ॅपवर आधी काय आणलं, डबे करणाऱ्या बाया की गिऱ्हाइकं?”

बाया. चाळीस. दारव्हा आणि आजूबाजूची खेडी पालथी घालून एकेकीचं नाव चढवलं. यादी मोठी दिसली की गिऱ्हाईक आपोआप येईल, अशी माझी समजूत.

पहिल्या सोमवारी ऑर्डरी आल्या तीन. ज्या काकूंवर माझी सगळी भिस्त होती त्यांना मीच म्हटलं होतं, “करून ठेवा, मागणी येईल.” त्यांनी पहाटे उठून पाटोडी थापली, रस्सा केला, पंधरा माणसांच्या पोळ्या लाटल्या. दुपारी दोनला गेलो तर परातीतल्या वड्यांच्या कडा वाळून वर वळल्या होत्या आणि रश्शावर तेल थिजलं होतं. “भाऊ, तुमच्या अ‍ॅपनं आज माह्या घरची गाय जेवली,” एवढंच बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन आठवड्यांत निम्म्याहून जास्त जणी माझा फोन उचलेनाशा झाल्या.

मग लोक म्हणतात, गिऱ्हाइकं आधी आणायची होती. आणून काय दाखवणार होतो? भुकेल्या माणसाला अकरा वाजता अ‍ॅपवर काही मिळालं नाही, की तो ते पुन्हा उघडत नाही. घोळ आधी-नंतरचा नव्हताच. चाळीस जणींत तीन ऑर्डरी वाटल्या, तर सदतीस चुली उपाशी राहणारच. कापड पडून राहिलं तर उद्या विकतं, पोळी नाही.

शेवटी तीनच जणी ठेवल्या. गिऱ्हाईकही एकाच तऱ्हेचं: बदलीवर एकटे राहणारे बँकेतले आणि शाळेतले लोक, सगळे दोन गल्ल्यांतले. फक्त दुपारचा डबा, सत्तर रुपये, ऑर्डर आदल्या रात्री नऊपर्यंत. म्हणजे कणीक मोजूनच भिजवायची. प्रत्येकीला रोजच्या आठ डब्यांची हमी दिली. कमी पडले तर पैसे माझे. पहिल्या आठवड्यात चोविसापैकी रोज पंधरा गेले. नऊ डब्यांचे ६३० रुपये रोज, सहा दिवसांचे ३,७८० खिशातून. जाहिरातीवर त्याहून जास्त उडवले होते, त्याचं कुणी विचारत नाही. महिनाभरानं हमीची गरज उरली नाही. चौथी बाई घेतली ती तिघींचे डबे सलग तीन दिवस संपले तेव्हाच.

आणि हो, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर चाललं. अ‍ॅप तेव्हा नुसतंच होतं. मी ते आधी बनवायलाच नको होतं, असं बायको म्हणते. मी अजून वाद घालतो.

आता दुसरंच दुखणं आहे. डबा आवडला की गिऱ्हाईक काकूंचा नंबर घेतं आणि मला मधून वगळतं. जेवढी जोडी जमते तेवढा मी नकोसा होतो. गेल्या महिन्यात त्याच काकूंचे सहा डबे असे थेट गेले. त्यांना कसं म्हणू, घेऊ नका?