मिक्सर, इअरमफ आणि आमचे अकरा आठवडे

लेक साडेपाच वर्षांचा होता. मिक्सर लागला की कान दाबून थेट बाथरूममध्ये जाऊन बसायचा. ऑटिझमचं निदान आधीच झालं होतं, तरी पहिली पायरी कानाची तपासणी हीच. कानात मळ साचला असेल किंवा पडद्यामागे पाणी असेल तर तेही त्रासात भर घालतं. आम्ही वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी करून घेतली. कान ठीक होते. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांचं असंच असतं: ऐकू नीट येतं, पण आलेला आवाज मेंदूला आवरत नाही.

मग इअरमफ, म्हणजे हेडफोनसारखे दोन्ही कान झाकून आवाज अडवणारे. मफ किती आवाज अडवतो हे सांगणारा एसएनआर किंवा एनआरआर असा आकडा खोक्यावर असतो, तो डेसिबलमध्ये. मुलांसाठीच्या बहुतेक मफवर तो 20 ते 27 च्या आसपास दिसतो. तेवढा आवाज खरोखर कमी होईल असं मात्र धरू नये. तो आकडा प्रयोगशाळेतला, मफ अगदी नीट बसलेला असतानाचा. चष्म्याची काडी किंवा जाड केस मध्ये आले की फट राहते आणि आवाज तिथून आत शिरतो. शिवाय मफ तीक्ष्ण आवाज चांगला अडवतात, घुमणारा कमी. म्हणून मिक्सरला ते उपयोगी पडले, पण ढोलाचा ठोका आतपर्यंत पोचायचाच.

पहिला मफ मोठ्यांचा घेतला, ही आमची चूक. पट्टी पूर्ण आत सरकवूनही तो खाली घसरायचा. दुसरा मुलांचा, पण इतका घट्ट की दहा मिनिटांत कानामागे लाल वळ उठले. तो रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला, तेव्हा सैल झाला. मुंबईच्या घामात मफच्या कानावरच्या गाद्या चिकटतात. त्या रोज ओल्या फडक्याने पुसायच्या आणि तडा गेला की बदलायच्या. आणि मफची ओळख शांततेतच करून द्यायची. आवडीची गाडी खेळताना दोन मिनिटं, पुढे पाच. गोंगाटातच पहिल्यांदा घातला, तर मफ म्हणजेच त्रास असं मुलाच्या मनात बसतं.

मफ दिवसभर घालू देऊ नका, हे थेरपिस्टने पहिल्याच दिवशी बजावलं. सतत शांतता मिळाली की कान साध्या आवाजालाही जास्त संवेदनशील होतात. आम्ही मफ तीन जागांपुरता ठेवला: मिक्सर, स्टेशन, लग्नाचा हॉल. रस्ता ओलांडताना तो काढायचा, कारण मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी.

आवाजाची हळूहळू सवय व्हावी म्हणून सरावासाठी मिक्सरच निवडला, कारण तो कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा हे आपल्या हातात असतं. आमच्याच मिक्सरचा तीन सेकंदांचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला, अगदी बारीक ठेवला आणि बटण लेकाच्या हातात दिलं. दिवसातून पाचदा तोच दाबायचा. सलग तीन दिवस खांदे सैल राहिले की आवाज एक टप्पा वाढवायचा. खांदे वर चढले, श्वास अडकला किंवा तो पुतळ्यासारखा गप्प झाला, तर लगेच थांबायचं. गप्प बसणं म्हणजे सवय झाली असं नव्हे, हे कळायला मला वेळ लागला.

चौथ्या आठवड्यात खरा मिक्सर आला. लेक हॉलमध्ये मफ घालून, स्वयंपाकघराचं दार बंद, मिक्सरचं चित्र समोर. ‘एक, दोन, तीन’ म्हणून एक सेकंद फिरवायचा. मग तीन सेकंद, मग दार उघडं, मग दोन पावलं जवळ, आणि शेवटी मफ एका कानावरून सरकवलेला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एकदा दार उघडलं आणि त्याच दिवशी सुकं खोबरंही वाटलं. खोबऱ्याचा आवाज ओल्या चटणीपेक्षा कर्कश. तो पुन्हा बाथरूममध्ये. दोन पायऱ्या मागे यावं लागलं, आठ दिवस गेले. दुसरा घोळ सासूबाईंचा. सकाळी सातला न सांगता इडलीचं पीठ फिरवलं. त्यानंतर घरात नियम झाला: आधी सांगायचं, मगच बटण. सर्दी झाली असेल किंवा झोप अपुरी असेल, त्या दिवशी सराव नाही.

अकराव्या आठवड्यात तो ओट्यापासून चार पावलांवर, मफ गळ्यात ठेवून, दहा सेकंद उभा राहतो. त्यापुढे अजून गेलेलो नाही. कुकरला हात लावलेला नाही, कारण शिट्टी कधी होणार हे मलाच ठाऊक नसतं. तोपर्यंत डाळ तो शाळेत असताना शिजते. विसर्जनाच्या ढोल-ताशांना मी सरावात धरतच नाही. त्या दिवशी खिडक्या बंद, मफ घातलेला, आणि मिरवणूक जाईपर्यंत आतल्या खोलीत.