पिचफोर्कची मधली रेष आणि नववीची भूमिती

२०२३च्या एप्रिलमध्ये निफ्टीच्या वीकली चार्टवर मी पहिल्यांदा जपून, वेळ देऊन पिचफोर्क, म्हणजे भावाच्या तीन टोकांवरून काढायच्या तीन समांतर रेषांचा आराखडा, काढला. त्याआधीही काढायचो, पण दिसेल ते टोक धरायचं आणि दोन दिवसांनी पुसून टाकायचं, असं चालायचं. या वेळी त्याच पिचफोर्कच्या भरवशावर निफ्टीचा ईटीएफ घेतला होता, म्हणून पुढचे सहा महिने तो चार्ट मी हलवला नाही.

तीन टोकं अशी होती. पहिलं, १७ जून २०२२चा तळ, १५,१८३. दुसरं, १ डिसेंबर २०२२चा शिखरबिंदू, १८,८८८. तिसरं, २० मार्च २०२३चा तळ, १६,८२८. तिसऱ्या टोकाने मला आधी एकदा फसवलं होतं. बजेटच्या दिवशीचा तळ धरून फेब्रुवारीतच मी पिचफोर्क काढला होता. मार्चमध्ये भाव त्याच्याही खाली गेला आणि सगळ्या रेषा निकामी झाल्या. तिसरं टोक हे टोक आहे की वाटेतला थांबा आहे, हे भाव तिथून बऱ्यापैकी वर आल्याशिवाय कळत नाही. म्हणून या वेळी निफ्टी १७,८००च्या आसपास येईपर्यंत थांबलो. हजारभर अंश हातचे गेले, पण ती त्या टोकाची किंमत होती.

टूल चार्टवर एका झटक्यात रेषा काढून देतं, पण मी एकदा वहीत हाताने हिशेब केला आणि त्याचा फार उपयोग झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या टोकांचा मध्य काढायचा: भावाचा मध्य १७,८५८. पहिल्या टोकापासून दुसरं २४ आठवड्यांवर, तिसरं ४० आठवड्यांवर, म्हणजे वेळेचा मध्य ३२वा आठवडा. पहिल्या टोकापासून या मध्यातून जाणारी रेष म्हणजे मिडियन लाइन, पिचफोर्कची मधली रेष. ३२ आठवड्यांत २,६७५ अंश, म्हणजे आठवड्याला साधारण ८३.६ अंशांची चढण. तेवढ्याच चढणीच्या दोन समांतर रेषा शिखरातून आणि मार्चच्या तळातून काढल्या की झालं. आता कुठल्याही शुक्रवारी मधली रेष कुठे असेल ते चार्ट न उघडता सांगता येतं.

हे तंत्र १९६०च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅलन अँड्र्यूज शिकवायचे. भाव पाचापैकी चार वेळा मधल्या रेषेपर्यंत येतो, असं ते सांगायचे. माझा बेतही तोच होता: रेषेला भाव लागला की अर्धा माल विकायचा.

जुलैत माझी चूक झाली. २० जुलैला निफ्टी १९,९९२पर्यंत गेला आणि दुसऱ्याच दिवशी सव्वादोनशेहून जास्त अंशांनी पडला. माझ्या स्क्रीनवर मधली रेष तेव्हा २०,२००च्या वर होती, म्हणून मी थांबलो होतो. ऑगस्टमध्ये वही उघडली तेव्हा ताळा जुळेना. ५७वा आठवडा, गुणिले ८३.६, अधिक १५,१८३, म्हणजे १९,९४८. भाव रेषेला लागून परतला होता आणि मी वाट बघत बसलो होतो. चार्टवर कधीतरी लॉग स्केल सुरू राहिलं होतं. लॉग स्केलवर सरळ दिसणारी रेष म्हणजे प्रत्यक्षात दर आठवड्याला सारख्या टक्क्यांनी चढणारी रेष. सुरुवातीला फरक जाणवत नाही, पण रेष जितकी पुढे जाते तितकी ती साध्या स्केलच्या रेषेपासून दूर सरकते. ५७व्या आठवड्यात हा फरक अडीचशेहून जास्त अंशांचा होता. दोन्हींपैकी एक खरं आणि दुसरं खोटं असं नाही. पण काढताना ज्या स्केलवर काढलं, त्याच स्केलवर शेवटपर्यंत बघायला हवं, आणि मी वहीत एक आणि स्क्रीनवर दुसरंच धरलं होतं. अर्धा माल ऑगस्टमध्ये १९,४००च्या आसपास विकला.

त्याच दिवसांत एक गोष्ट उमगली, जी मला कुठल्याही कोर्समध्ये कुणी सांगितली नव्हती. जेवणाच्या टेबलावर माझी वही आणि नववीतल्या लेकीचं भूमितीचं पुस्तक शेजारीशेजारी पडलं होतं. ती समांतरभुज चौकोनाचं प्रमेय लिहीत होती. मी विचारलं, "मध्य कशाला काढलाय?" ती म्हणाली, "बाबा, कर्ण एकमेकांना दुभागतात ना, म्हणून."

मी माझ्या तीन टोकांकडे बघितलं. दुसरं आणि तिसरं टोक जोडणारी रेघ हा एक कर्ण. मधली रेष त्याच्या मध्यातून जाते. म्हणजे मधली रेष हा दुसरा कर्ण, आणि ती पुढे नेली की समांतरभुज चौकोनाच्या चौथ्या कोपऱ्यावर पोचते. तो कोपरा कुठे? मार्चच्या तळापासून पहिल्या चढाएवढाच चढ घेतला तर जिथे पोचू, तिथे. पहिला चढ २४ आठवड्यांत ३,७०५ अंशांचा. तोच १६,८२८ला जोडला की २०,५३३, आणि आठवडा ६४वा. त्या आठवड्याला मधली रेषही बरोब्बर तिथेच येते.

तेव्हापासून 'भाव मधल्या रेषेकडे ओढला जातो' हे वाक्य मी वेगळं वाचतो. रेषेत लोहचुंबक नाही. दुसरा चढ पहिल्याच्याच वेगाने झाला आणि तेवढाच लांबला, तर तो रेषेला लागणारच. जास्त वेगाने झाला तर आधीच लागेल, जसा जुलैत लागला: १७ आठवड्यांत ३,१६४ अंश, म्हणजे आठवड्याला १८६. पहिल्या चढाचा वेग १५४ होता. भाव रेषेपर्यंत पोचत नसेल, तर त्याचा अर्थ दुसऱ्या चढात पहिल्याएवढा दम नाही.

हे सप्टेंबरमध्ये समोरच दिसलं. १५ सप्टेंबरला निफ्टी २०,२२२ला गेला, रेष होती २०,६१६ला. चारशे अंश कमी पडले आणि भाव वळला. असा रेषेच्या अलीकडून परतलेला भाव, जिथून तो चढ सुरू झाला त्याच्याही पलीकडे जातो, असा एक जुना नियम आहे, त्याला हागोपियन नियम म्हणतात. चढ ऑगस्टअखेरीस १९,२५०च्या आसपास सुरू झाला होता. २६ ऑक्टोबरला निफ्टी १८,८३८ला आला.

त्या आठवड्याचा बंद भाव १९,०४७ होता, आणि खालची समांतर रेष १९,४१९ला. खालची रेष वीकली बंद भावाने तुटली की पिचफोर्क संपला, हे मी एप्रिलमध्येच वहीत लिहून ठेवलं होतं. उरलेला माल सोमवारी विकला आणि रेषा पुसल्या.

तीन आठवड्यांनी भाव परत रेषेच्या वर बंद झाला. १६ जानेवारी २०२४ला निफ्टीने २२,१२४चा उच्चांक केला. त्या रात्री वहीतला हिशेब पुढे नेला. ८३वा आठवडा, मधली रेष २२,१२१. दुसऱ्या दिवशी निफ्टी ४६० अंशांनी पडला.

पुसलेला पिचफोर्क तीन अंशांच्या फरकाने लागलेला बघून मी बराच वेळ बसून राहिलो. तरी ऑक्टोबरची विक्री मी चूक मानत नाही. चौथा कोपरा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच मागे पडला होता. जानेवारीत रेष लागली ती त्याच कर्णाच्या लांबवलेल्या टोकाला, आणि ते टोक लागावं यासाठी पहिल्या चढाने कुठलंच कारण दिलं नव्हतं. आता मी चार्टवर तीन रेषांसोबत तो चौथा कोपराही ठिपक्याने दाखवतो, आणि ठिपका मागे पडला की नवीन तीन टोकं शोधायला लागतो.