उताऱ्यावर ‘रिफंड’, खात्यातून मात्र नावे

चोपडा तालुक्यातील एका बँकेच्या शाखेत मी अधिकारी म्हणून काम करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये, कपाशीवरील फवारणीचे दिवस सुरू असताना, जवळच्या गावातील एक शेतकरी आपल्या पुतण्याला घेऊन शाखेत आले. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी खरेदीच्या एका ॲपवरून ३,४५० रुपयांचा बॅटरीवर चालणारा फवारणी पंप मागवला होता. पंप सदोष निघाला, तो परतही केला, पण पैसे आले नाहीत. तेव्हा पुतण्याने इंटरनेटवर कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक शोधला आणि जो पहिला क्रमांक दिसला त्यावर फोन लावला. त्या फोननंतर अर्ध्या तासाच्या आत आप्पांच्या खात्यातून ७,३५० रुपये गेले. काउंटरसमोर बसून आप्पा पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, “भाऊसाहेब, पैसा येनार व्हतात, मंग गयात कसा?”

मी खात्याचा उतारा काढला. त्या सकाळच्या चार नोंदी होत्या: १,९५०, १,५००, पुन्हा १,९५० आणि पुन्हा १,९५०. प्रत्येक नोंदीची सुरुवात `UPI/DR` अशी होती, त्यापुढे बारा अंकी व्यवहार क्रमांक होता आणि शेवटी `Refund` हा शब्द होता. पुतण्याने नेमके त्या शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाला, “साहेब, तुमच्याच कागदावर रिफंड लिहिले आहे, म्हणजे बँकेनेच हे पैसे परत दिले पाहिजेत.” त्याचे म्हणणे रागाचे होते, पण निराधार नव्हते. बँकेच्या छापील उताऱ्यावर तो शब्द खरोखर होता आणि तो तिथे कसा आला हे त्याला समजावून सांगणे माझे कामच होते.

यूपीआयमध्ये त्या काळी पैसे दोन प्रकारे हलत. एका प्रकारात देणारा स्वतःहून पाठवी. दुसऱ्या प्रकारात ज्याला पैसे हवे असत तो मागणी पाठवी, जिला ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ म्हणतात. मागणी करणाऱ्याला फक्त समोरच्याचा यूपीआय आयडी ठाऊक असावा लागे. तो आयडी, रक्कम आणि एक टीप एवढे भरले की ती मागणी समोरच्याच्या ॲपवर जाऊन बसे. टिपेच्या जागी काय लिहायचे हे पूर्णपणे मागणाऱ्याच्या हाती असे. ती जागा बँक तपासत नाही आणि व्यवहार चालवणारे राष्ट्रीय भुगतान निगमही तपासत नाही. तिथे ‘दूध बिल’ लिहिता येते तसे ‘रिफंड’ही लिहिता येते. व्यवहार पूर्ण झाला की तोच मजकूर जसाच्या तसा उताऱ्यावर उतरतो. त्या नोंदीत बँकेचे स्वतःचे म्हणणे फक्त `DR` या दोन अक्षरांत असते, म्हणजे खात्याला रक्कम नावे पडली. जमा असती तर तिथे `CR` असते.

फोनवरील माणसाने आप्पांकडे पिन मागितला नव्हता, ओटीपीही मागितला नव्हता. बँका नेहमी ज्या गोष्टींपासून सावध करतात त्यांपैकी काहीच घडले नाही, म्हणून दोघांचा विश्वास बसला. त्याने एवढेच विचारले की रिफंड कोणत्या यूपीआय आयडीवर हवा. मग तो म्हणाला की एका वेळी दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम जात नाही, त्यामुळे ३,४५० रुपये दोन हप्त्यांत येतील. यातली मर्यादा खरी होती. व्यक्तीने व्यक्तीकडे पाठवलेल्या मागणीला त्या काळी एका व्यवहारात २,००० रुपयांची मर्यादा होती, पण ती पैसे मागण्याला लागू होती, परतावा देण्याला नव्हे. खऱ्या नियमाचा आधार घेऊन सांगितलेले खोटे ओळखणे फार अवघड असते, आणि या प्रकरणात सर्वांत जास्त घात त्यानेच केला, असे माझे मत आहे.

पहिली मागणी आली तेव्हा पडद्यावर एक नाव, १,९५० हा आकडा, ‘रिफंड’ ही टीप आणि खाली `PAY` व `DECLINE` अशी दोन बटणे होती. फोनवरून सूचना आली की `PAY` दाबल्याशिवाय रिफंड मंजूर होत नाही. बटण दाबताच पिनचे पान उघडले आणि आप्पांनी पिन टाकला. पिन टाकणे म्हणजे आपल्या बँकेला ‘माझ्या खात्यातून एवढी रक्कम काढून या व्यक्तीला दे’ असा आदेश देणे होय. पूर्वी पैसे काढण्याच्या स्लिपवर सही करायचो, तसेच हे आहे. तो पिन सांकेतिक रूपात आपल्याच बँकेकडे पोहोचतो, बँक तो जुळवते, रक्कम नावे टाकते आणि ती समोरच्या बँकेत जमा होते. पैसे घेणाऱ्याच्या खात्यात जमा करताना त्याच्या पिनची गरज कोणत्याही टप्प्यावर नसते. म्हणून रिफंडसाठी पिन विचारला गेला, तर तो रिफंड नाही हे त्याच क्षणी कळते, मग टिपेत काहीही लिहिलेले असो.

दुसऱ्या मागणीनंतर पुतण्याने बँकेचे संदेश पाहिले आणि पैसे कापले गेल्याचे फोनवरील माणसाला सांगितले. त्यावर उत्तर मिळाले की रक्कम मध्येच अडकली आहे, पुन्हा मंजुरी दिली की आधीचीही सुटेल. उरलेले दोन व्यवहार असे झाले. वास्तविक रक्कम कापली जाऊन समोर जमा झाली नसेल, तर ती आपोआप परत येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यक्तीला पाठवलेल्या रकमेसाठी ही मुदत व्यवहाराच्या लगेच पुढच्या दिवसापर्यंतची आहे, आणि त्यासाठी ग्राहकाला काहीही मंजूर करावे लागत नाही.

पुतण्याची मागणी मला मान्य करता आली नाही. पिन टाकून पूर्ण झालेला आणि समोरच्या खात्यात जमा झालेला व्यवहार शाखेला उलटवता येत नाही. शाखेच्या हाती होता तो वेळ. मी आप्पांना काउंटरवरूनच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला लावली आणि चारही बारा अंकी क्रमांक, रकमा व वेळा उताऱ्यावरून एकेक वाचून दाखवल्या. ही तक्रार पैसे जमा झालेल्या बँकेपर्यंत पोहोचते आणि त्या खात्यात जेवढी रक्कम शिल्लक असेल तेवढी रोखून धरली जाते. पुढे काढली गेलेली रक्कम अशी हाती लागत नाही. आप्पांच्या बाबतीत शेवटचे १,९५० रुपये सापडले, बाकी तोवर पुढे गेले होते.

१ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे कलेक्ट रिक्वेस्ट पाठवण्याची सोय यूपीआयमधून काढून टाकण्यात आली आहे आणि हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या मागण्या मात्र त्या निर्णयानंतरही चालू राहिल्या. शिवाय रिफंड मिळवण्यासाठी स्कॅन करा म्हणून क्यूआर कोड पाठवणारेही आहेत. तो कोड स्कॅन केला की शेवटी तेच पिनचे पान उघडते, आणि त्या पानावर पैसे कोणाला जाणार व किती, हे दिसत असते.

त्या दिवशी पुतण्याला मी खरेदीच्या ॲपमधील ऑर्डरच्या पानावरूनच पंपाची तक्रार करायला सांगितले. कंपनीने माल परत मिळाल्याची नोंद दाखवली, आणि काही दिवसांनी ज्या खात्यातून पंपाचे पैसे भरले होते त्याच खात्यात ३,४५० रुपये जमा झाले. आप्पांनी त्यासाठी कोणतेही बटण दाबले नव्हते. पासबुक भरायला आले तेव्हाच त्यांना ते समजले.